खडूचं पाणी आणि जाऊबाईंचा चेहरा

तो व्हिडिओ खोटा आहे हे सिद्ध करण्याचं श्रेय गावात मला देतात. मी ते नम्रपणे घेते. पण तो खरा निघावा म्हणून मी देवापाशी उदबत्ती लावायच्या बेतात होते, हे फारसं कुणाला सांगत नाही. आज सांगून टाकते.

माझ्या धाकट्या जाऊबाई सरपंचपदाला उभ्या होत्या. आमची दोन घरं एकाच अंगणात, मध्ये जास्वंदीचं कुंपण. दीर गोव्यात नोकरीला, त्यामुळे काजूची बाग, भाताचे कुणगे म्हणजे खाचरं, आणि दोन म्हशी हे सगळं ती एकटी बघते. बाई कर्तबगार आहे, यात वाद नाही. वाद वेगळाच होता. सात वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या लग्नात, भरल्या पंगतीत, माझी सोलकढी तोंडाला लावून ती म्हणाली होती, "वयनींनी जल्मभर शाळेत काढल्यानी मां, तेंच्या कढीक खडूचा पाणी लागता."

सगळी पंगत हसली. व्याहीसुद्धा हसले. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं बंद केलं. काही सांगायचं झालंच तर नवऱ्याला मध्ये उभं करायचं. "त्यांना सांगा, त्यांची म्हैस आमच्या अळवात शिरली आहे." ती तीन हातांच्या अंतरावर उभी राहून ऐकत असायची आणि उत्तर द्यायची, तेही माझ्या नवऱ्यालाच. त्या बिचाऱ्याची मान सात वर्षं या खांद्यावरून त्या खांद्यावर वळत होती.

मतदानाला पाच दिवस राहिले होते. दुपारी जेवून मी पडवीत बसले होते, तेवढ्यात मोबाईल वाजला. अनोळखी नंबरावरून आलेला व्हिडिओ. उघडला तर साक्षात जाऊबाई! मागे निळा पडदा, समोर माईक, अंगावर मोरपिशी साडी, आणि बाई सांगत होत्या, "देवळाकडचं तळं मी हॉटेलवाल्यांना देणार आहे. तिथे खोल्या होतील, होड्या फिरतील. गावकऱ्यांना काय कळतंय? एक कोंबडी कापली की मतं आपलीच."

आमचं तळं धामापूरच्या तळ्याएवढं मोठं नाही, पण गावाचा सगळा जीव त्यात आहे. वायंगणी, म्हणजे उन्हाळी भातशेती त्याच्या पाण्यावर, देवाचं स्नान त्याच्या पाण्याने. जाऊबाई उभी राहिली तीच मुळी तळ्याला हात लावू देणार नाही असं सांगत. म्हणजे हा व्हिडिओ खरा असला तर तिची निवडणूकच नव्हे, गावातलं तोंड दाखवणंही संपलं.

मला काय वाटलं ते लपवत नाही. मला अतोनात आनंद झाला. सात वर्षांनी देव पावला असं वाटलं. मी दुसऱ्यांदा पाहिला, मग तिसऱ्यांदा पाहिला, आणि तो माझ्या मैत्रिणीला पाठवला. ती खालच्या वाडीत राहते, शाळेत माझ्याबरोबर शिकवत होती. फक्त तिला एकटीला. खाली एक ओळही लिहिली: "बघ, हिला खडूचं पाणी बरोबर कळतं!" स्वतःच्या विनोदावर मी पडवीत एकटी हसले.

मग नवऱ्याला दाखवला. नवरा तरुणपणी दशावतारात बायकांची कामं करायचा. अजूनही साडीचा पदर माझ्यापेक्षा चांगला घेतो. त्याने चष्मा पुसून व्हिडिओ पाहिला आणि म्हणाला, "गो, ह्यां सोंग बरा नाय झाला."

"सोंग कसलं? समोर दिसतंय ना!"

"तोंड रंगवल्यानी, पण कान इसारले. हिच्या कानाक तीन भोकां आसत. हय एकच दिसता. आणि हात बघ."

हात मी पाहिलेच नव्हते. लांब, गोरे, नखांना रंग लावलेले हात. आणि हे काजूचे दिवस. या दिवसांत जाऊबाईचे हात कुंपणापलीकडूनही ओळखू येतात. काजूच्या टरफलातलं तेल बोटांची सालं काढतं, काळे डाग पडतात, ते पावसाळ्यापर्यंत जात नाहीत. सात वर्षं बोलले नसले तरी ते हात रोज बघत होते. व्हिडिओतले हात हळदीकुंकवाला निघालेल्या बाईचे होते.

मला रागच आला. नवऱ्याचा, आणि त्या हातांचा. मी म्हटलं, हात धुतले असतील. कान झाकले असतील. तुम्हाला भावजयीचा पुळका आहे. आता मी शास्त्राने दाखवते की हे खरं आहे. मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी निवडणुकीच्या कामासाठी आम्हा शिक्षकांचं तालुक्याला प्रशिक्षण झालं होतं. तिथे एका तरुण मुलीने चेहरे बदललेल्या व्हिडिओंवर तासभर सांगितलं होतं. मी मागच्या बाकावर बसून शब्दकोडं सोडवत होते, तरी काही कानात शिरलं असणार. ती म्हणाली होती, व्हिडिओ सावकाश चालवा. मान वळते तेव्हा जबड्याची कड बघा. चेहऱ्यासमोरून हात किंवा पेला गेला तर चेहरा हलतो का बघा. ओठ आणि आवाज जुळतात का बघा.

मी सावकाश चालवला. बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि पेला ओठांशी येताच हनुवटी क्षणभर विरघळून गेली. पेला खाली, हनुवटी परत जागेवर. दात म्हणजे एकसंध पांढरी पट्टी. जाऊबाईचा एक पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला आहे, ते मला चांगलं माहीत आहे, कारण त्यावरून मीही एकदा काहीतरी बोलले होते.

पण त्या मुलीने आणखी एक सांगितलं होतं आणि आता मी ते घट्ट धरून ठेवलं. या खुणांवर निकाल देऊ नका. एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता व्हिडिओ घासतो, तेव्हा खरा चेहराही पुसट होतो. आणि कारागीर हुशार असला तर एकही खूण सापडत नाही. म्हणून मूळ व्हिडिओ शोधा. कुठे झालं, कधी झालं, कुणी काढलं, हे विचारा.

मूळ शोधायला मी व्हिडिओ थांबवून त्याचा फोटो काढला आणि मोबाईलमध्ये फोटोवरून शोध घ्यायची सोय असते तिच्यात टाकला. तर सापडला जाऊबाईचा प्रचाराचा बॅनर. मी म्हटलं, "बघा! तीच आहे."

नवरा काजूगर सोलता सोलता म्हणाला, "तोंड तिचाच चिकटवल्यानी तर तोंड शोधून तीच गावतली. माका विचारशीत तर तोंड काप आणि अंग शोध."

हे मला बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून सुचलं नव्हतं. मी चेहरा कातरून टाकला. राहिली साडी, माईक, निळा पडदा आणि पेला. ते टाकलं आणि दुसऱ्याच ओळीत सगळं आलं. तोच पडदा, तीच मोरपिशी साडी, तेच हात, तोच पेला. चेहरा मात्र कुणा भलत्याच बाईचा. कुठल्याशा दूरच्या शहरात, दोन वर्षांपूर्वी, घरगुती लोणच्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन चाललं होतं. बाई कैरीच्या फोडी किती जाड असाव्यात ते सांगत होत्या. तळं नाही, हॉटेल नाही, कोंबडी तर मुळीच नाही.

दोन्ही एकापुढे एक लावून पाहिले. पेला उचलण्याचा क्षण तोच, मान हलवण्याचा तोच. लोणच्याच्या बाईवर माझ्या जाऊचं तोंड बसवलं होतं आणि तिच्या सभेतल्या भाषणांवरून बेतलेला आवाज वर घातला होता. मैत्रिणीला फोन केला. म्हटलं, तो व्हिडिओ पुसून टाक, खोटा आहे.

"अगो, मी तर वाडीच्या ग्रुपवर घातलंय," ती म्हणाली. "म्हटलंय, बाईंनी पाठवल्यानी म्हणजे खरोच आसतलो."

मी माझ्याकडून पाठवलेला पुसून काय उपयोग होता? तो आता माझा राहिलाच नव्हता.

सगळ्यात सोपी तपासणी कोणती, तर कुंपणाजवळ जाऊन हाक मारायची, "काय गो, तू असं बोललीस का?" बारा पावलं चालायची होती. चार वेळा उठले आणि चार वेळा परत बसले. सात वर्षांची सवय अशी मोडत नाही, आणि आता तर विचारायच्या आधी सांगायलाही काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव देवळात जमलं. कारण असं की, व्हिडिओ खरा की खोटा यासाठी देवाचा कौल घ्यायचा असं ठरलं होतं. आमच्याकडे म्हैस हरवली तरी कौल लावतात, लग्न जमवायचं तरी लावतात. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओसाठी कौल लावायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

गुरव गाभाऱ्याच्या दारात आडवा उभा राहिला. "देवाक कित्या त्रास दितास?" तो म्हणाला. "व्हिडिओ तेका कोणी पाठवल्यानी? तेणी बघूक तरी नको? आणि आचारसंहिता लागलीहा. देवळात निवडणुकीचो विषय बंद. भायर जावा, पारार बसा."

देवालाही आचारसंहिता लागू आहे हे ऐकून लोक निमूट बाहेर आले. पाराच्या एका टोकाला जाऊबाई बसली होती. डोळे सुजलेले, हात मांडीवर, काळे, सोललेले. तिच्या आजूबाजूला दोन हात जागा मोकळी होती. काल सकाळपर्यंत तिच्याबरोबर घरोघर फिरणाऱ्या बायका आज पलीकडच्या टोकाला उभ्या होत्या.

मी पुढे गेले आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, "कौल नको. मोबाईल काढा."

तिथे माझा तास सुरू झाला. व्हिडिओ थांबवायला लावला, फोटो काढायला लावला, चेहरा कातरायला लावला. ज्यांना कातरता येईना त्यांच्या बोटांना धरून कातरायला लावलं. एकाने चुकून स्वतःच्या बैलाचा फोटो शोधला आणि त्याला कर्नाटकातले बैल सापडले, तो तेच बघत बसला. बाकीच्यांना लोणच्याची बाई सापडली. पारावर एकदम गलका उडाला.

"आयला! साडी तीच आसा!"

"पेलोय तोच!"

मी सांगितलं, "व्हिडिओ आला की आधी हात आवरा. कुठल्या सभेत, कुठल्या दिवशी, कुणी काढला, हे पाठवणाऱ्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर पुढे ढकलू नका. ज्याचं तोंड आहे त्याला विचारा. आणि खोटा निघाला तर 'खोटा आहे' असं सांगायलासुद्धा तोच व्हिडिओ परत पाठवू नका, त्याने तो आणखी पसरतो."

सगळे माना डोलवत होते. मी हळूहळू उंच होत चालले होते. एवढ्यात गुरवाने डोळे बारीक करून आपला मोबाईल लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "माझ्याकडे आयलो तेच्या खाली कोणीतरी लिवल्यानी आसा. 'बघ, हिला खडूचं पाणी बरोबर कळतं.' ह्येचो अर्थ काय?"

पुढे पाठवताना खालची ओळही बरोबर जाते, हे त्या मुलीने प्रशिक्षणात सांगितलं होतं की नाही मला आठवत नाही. बहुधा तेव्हाच मी आडवा शब्द शोधत होते.

कुणालाच अर्थ लागला नाही. एक सोडून. जाऊबाईने मान वर केली आणि सात वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. तिला लागला होता. ती बोलली असती तर त्या पारावरून मला खाली उतरता आलं नसतं. ती बोलली नाही. नुसतं पदराने नाक पुसलं आणि जमिनीकडे बघत राहिली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते, मला ते जमतं. पण तिचं गप्प बसणं मला सोसवेना. मी म्हटलं, "अर्थ मी सांगते. ती ओळ माझी आहे. खालच्या वाडीत हा व्हिडिओ मी पाठवला. न तपासता पाठवला, कारण मला तो खरा हवा होता."

बैलवाल्यानेही मोबाईल खाली ठेवला.

जाऊबाई उठली, साडी झटकली आणि नवऱ्याला मध्ये न घेता म्हणाली, "वयनी, रडूचा मागे बघूया. आता काय करूचा ता सांगा."

मी सांगितलं, आणि आम्ही तसं केलं. आलेला मूळ संदेश कुणीही पुसायचा नाही, कारण तो पुरावा. तो कुठल्या नंबरावरून आला, किती वाजता आला, ते लिहून काढलं. मूळ लोणच्याच्या व्हिडिओचा पत्ता जोडला. तहसील कचेरीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, एक प्रत सायबर पोलिसांना दिली, आणि मोबाईलवरूनही त्या व्हिडिओची तक्रार नोंदवली. कचेरीत जाऊबाई सभेतल्यासारखी शुद्ध मराठीत बोलली आणि साहेबांना "माझे तोंड चोरीस गेले आहे" असं म्हणाली. साहेबांनी अर्ज घेतला आणि कारवाई करतो म्हणाले. तोंड कुणी चोरलं ते आजपर्यंत कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता खालची वाडी. जितक्या घरांत तुमी पोचलास, तितक्या घरांत चला."

एकोणचाळीस घरं. मी नवऱ्याकडून एक चित्र करून घेतलं होतं, डावीकडे लोणच्याची बाई, उजवीकडे जाऊबाईचं तोंड बसवलेली तीच, आणि उजवीवर लाल अक्षरांत आडवं "खोटे". प्रत्येक घरी ते दाखवायचं, मोबाईल मागून त्यावर शोधून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, "हा मी पाठवला होता, माझी चूक झाली." पहिल्या घरी ते वाक्य मी नुसतं पुटपुटले. दहाव्या घरी सरावले. विसाव्या घरी जाऊबाई मागून सुचवायला लागली, "जरा रडक्या आवाजात सांगा, बरा वाटता." तिला मजा येत होती. मलाही थोडी येऊ लागली, कारण प्रत्येक घरी चहा होता आणि बोलायला कुणीतरी होतं.

शेवटचं घर एका म्हातारीचं. माझ्या हाताखाली तिची तीन मुलं शिकली. तिने चित्र बघितलं, लोणच्याची बाई बघितली, जाऊबाईचे काळे हातही हातात घेऊन बघितले. मग माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाली, "बाई, पयलो तुमीच पाठवलास मां? तुमी कधी खोटा बोलनास नाय. आता जावेसाठी सांगतास, ता माका कळता. घरचा माणूस आसा, सांगूकच व्हया."

मी तासभर डोकं फोडलं. मी जितकं सांगत गेले तितकी ती माझ्या मोठ्या मनाचं कौतुक करत गेली.

जाऊबाई निवडून आली. नऊ मतांनी. त्या दिवशी अंगणात गाव जेवलं आणि सोलकढी मी केली. तिने वाटी तोंडाला लावली, सगळी पंगत श्वास रोखून बघत होती, आणि म्हणाली, "बरी आसा. आज खडू कमी पडलो." मीच सगळ्यांत मोठ्याने हसले.

जेवणं आटोपल्यावर भांडी घासता घासता ती म्हणाली, "त्या म्हातारीच्या घराक परत जावा."

"अगं, आता कशाला? निवडणूक झाली."

"निवडणूक झाली. पण ती अजून समाजता, मी तळा इकूक निघालंय. माका ता चलाचा नाय."

म्हणून मी दर सोमवारी जाते. दीड वर्ष झालं. म्हातारी चहा करते, मुलांची खुशाली सांगते, मी मोबाईल काढते, लोणच्याची बाई दाखवते. ती शांतपणे सगळं बघून घेते, मोबाईल परत देते आणि हळूच विचारते, "ता जांव दे, बाई. तळ्याकडचा हॉटेल खंयपर्यंत इला? आमच्या नातवाक थंय काय काम मेळात काय?"